शून्य टक्क्याचं कर्ज

लातूर जिल्ह्यातल्या रेणापूर तालुक्यात २०२३ साली सोयाबीनची पेरणी जुलैच्या दुसऱ्या आठवड्यावर गेली. जून कोरडाच गेला होता. मृगाच्या भरवशावर राहिलेल्यांनी आर्द्राही जाऊ दिल्या, आणि पेरण्याजोगी ओल झाली तेव्हा सगळ्या शिवारात एकदम ट्रॅक्टर सुरू झाले. उशिरा पेरलेलं सोयाबीन फुलावर येतं ते ऑगस्टच्या मध्याला. आणि नेमका तो ऑगस्ट देशात १९०१ पासूनच्या नोंदींतला सगळ्यांत कोरडा ठरला.

सोयाबीनला ताण पडला की ते आधी सांगतं. दुपारी पानं वळतात, पानांची पांढुरकी खालची बाजू वर येते आणि लांबून सगळं रान फिकट दिसू लागतं. संध्याकाळी पानं परत सरळ झाली तर अजून जीव आहे असं समजायचं. सकाळीही ती वळलेलीच असली तर फुलं गळायला लागली म्हणून ओळखावं. त्या वर्षी तीन आठवड्यांहून जास्त खंड पडला. सप्टेंबरात पाऊस आला तेव्हा झाडं हिरवी झाली, पण ज्या फुलांच्या शेंगा व्हायच्या ती फुलं जमिनीवर पडून गेली होती. त्यात पांढऱ्या माशीने पिवळा मोझॅक आणला. शेंगा लागल्या त्याही चपट्या. दोन बोटांत दाबल्या तर आत दाण्याऐवजी पापडी लागायची.

ज्या कुटुंबाची ही हकिकत आहे त्यांची पाच एकर जमीन आहे, म्हणजे दोन हेक्टर. निम्मी काळी, निम्मी मुरमाड. विहीर आहे, ती दिवाळीनंतर तास-दीड तास चालते. घरात नवरा-बायको, म्हातारी आई, त्या वर्षी लातूरला बारावीला असलेली मुलगी आणि गावातच शाळेत जाणारा मुलगा. नाव छापू नका, असं त्यांनी सांगितलं. लाज म्हणून नव्हे. "नाव आलं की लोक मदत घेऊन येतेत, आन् मग आपल्याला त्यांच्यापुढं रडावं लागतंय," असं त्यांचं म्हणणं. गावातली पोरं त्यांना मामा म्हणतात. मीही तेच म्हणू लागलो.

मामांकडे एक जुनी डायरी आहे, खतकंपनीने फुकट दिलेली. त्यात त्यांच्या बायकोच्या हातचा हिशेब आहे. मामा सांगतात आणि मामी लिहितात. या लेखातले आकडे त्या डायरीतले आहेत.

२०२३ चा खर्च असा. नांगरट दहा हजार. बियाण्याच्या पाच पिशव्या, प्रत्येकी ३,३००. डीएपीची पाच पोती, १,३५० च्या दराने. पेरणीचे पाच हजार. तणनाशक आणि दोन फवारण्या मिळून साडेसतरा हजार. म्हणजे काढणीच्या आधीच ५५,७५० रुपये रानात गेले. काढणी उक्ती दिली. पीक पातळ होतं म्हणून एकरी साडेतीन हजारांत मजूर तयार झाले. मळणी क्विंटलला ३०० रुपये. पाच एकरांत नेहमी पस्तीस-चाळीस क्विंटल होणारं सोयाबीन त्या वर्षी १३ क्विंटल झालं. ते ४,५५० ने विकलं, ५९,१५० आले. सगळा खर्च ७७,१५०. अठरा हजारांची खोट, त्यात घरच्या चार हातांची मजुरी धरलेली नाही.

अठरा हजारांच्या खोटीने कुणी बुडत नाही. दुष्काळ मराठवाड्याला नवा नाही आणि खोट खाणंही नवं नाही. पण त्या जूनमध्ये मामांनी गावच्या विविध कार्यकारी सेवा सोसायटीतून एक लाखाचं पीककर्ज उचललं होतं आणि त्याची मुदत ३१ मार्च २०२४ होती. या तारखेपासून पुढे जे घडलं ते मला पिकाच्या नुकसानीपेक्षा मोठं वाटतं, आणि त्याबद्दल फार कमी लिहिलं जातं.

पीककर्ज कसं चालतं ते थोडं सांगायला हवं. तीन लाखांपर्यंतचं पीककर्ज सवलतीच्या दराने मिळतं. मामांच्या सोसायटीत तो दर सहा टक्के. वेळेत परतफेड केली तर केंद्राकडून तीन टक्के सूट मिळते आणि राज्याच्या डॉ. पंजाबराव देशमुख व्याज सवलत योजनेतून आणखी तीन टक्के. म्हणजे वेळेत भरणाऱ्याला व्याज शून्य. यालाच शून्य टक्क्याचं कर्ज म्हणतात. योजना चांगली आहे, याबद्दल माझ्या मनात शंका नाही. फक्त तिच्यात एक गृहीत आहे. मार्चअखेर शेतकऱ्याच्या हातात मुद्दल असेल, हे ते गृहीत. पीक बुडालेल्या वर्षी मुद्दलच नसतं.

आणखी एक गोष्ट कुणी उघड बोलत नाही, ती मामांनी बोलून दाखवली. लाखातले ५५,७५० रानात गेले. उरलेले ४४,२५० कुठे गेले? मुलीच्या क्लासला आणि हॉस्टेलला. लातुरात बारावी करायची तर ते लागतातच. पीककर्जात घरखर्चासाठी दहा टक्के धरलेले असतात, पण एवढ्यात शिकवणी बसत नाही. "पिकाचं कर्ज पोरीला लावलं, ही माझी चूक म्हणा," मामा म्हणाले. मामींनी डायरीतून मान वर काढली. "चूक कशाची? पोरगी बी पीकच हाय की आपलं." त्यावर मामा काही बोलले नाहीत. मुळात पाच एकर कोरडवाहू शेती असलेल्या घरात वर्षातून एकदाच एकरकमी पैसा येतो, तो पीककर्जाचा. ज्या महिन्यात तो येतो त्याच महिन्यात शाळा-कॉलेजं उघडतात.

आता त्या वर्षी सरकारकडून काय मिळालं ते पाहू. राज्याने ऑक्टोबरच्या शेवटी ४० तालुक्यांत दुष्काळ जाहीर केला, त्यात रेणापूर होतं. विमा तर त्याच वर्षी एक रुपयात सुरू झालेला. पावसात मोठा खंड पडून उत्पन्न नेहमीच्या निम्म्याहून कमी येईल असं दिसलं, तर अंदाजित भरपाईतले २५ टक्के आगाऊ द्यायचे, अशी विम्यात तरतूद होती. ऐकायला पंचवीस टक्के हा मोठा आकडा वाटतो. हिशेब मांडला की खरा आकार कळतो. समजा हेक्टरी ५० हजारांचं विमा संरक्षण आहे आणि साठ टक्के घट धरली. भरपाई तीस हजार, तिचे पंचवीस टक्के साडेसात हजार. दोन हेक्टरला पंधरा हजार. मामांच्या खात्यावर साडेतेरा हजार आले, दिवाळीच्या मागेपुढे.

उरलेली भरपाई ठरते ती पीक कापणी प्रयोगावर. महसूल मंडळातल्या यादृच्छिक पद्धतीने निवडलेल्या शेतांत दहा मीटर बाय पाच मीटरचा तुकडा आखतात, तेवढंच कापतात, मळतात, वजन करतात आणि त्यावरून सगळ्या मंडळाचं सरासरी उत्पन्न काढतात. ते उंबरठा उत्पन्नाच्या खाली गेलं तरच पैसे. उंबरठा म्हणजे मागच्या सात वर्षांतल्या चांगल्या पाच वर्षांची सरासरी आणि तिचे सत्तर टक्के. म्हणजे तुमचं रान पूर्ण गेलं तरी मंडळातल्या नदीकाठच्या काळ्या रानांनी सरासरी सावरून धरली तर तुमच्या हाती काही येत नाही. मामांच्या मुरमाड अडीच एकरांत दोन पोती झाली होती. ती अडीच एकर कुठल्या तुकड्यात आलीच नाहीत. पुढची भरपाई त्यांना मिळाली नाही, आणि नियमाप्रमाणे त्यात कुणी फसवणूक केली असं म्हणता येत नाही.

दुष्काळ जाहीर झालेल्या गावांत शेतीकर्जाची वसुली थांबवायची आणि कर्जाचं पुनर्गठन करून द्यायचं, असा आदेश असतो. पुनर्गठन म्हणजे एका वर्षाचं पीककर्ज मध्यम मुदतीचं करून हप्ते पाडायचे. नुकसान ३३ ते ५० टक्के असेल तर जास्तीत जास्त दोन वर्षं, ५० टक्क्यांच्या वर असेल तर पाच वर्षांपर्यंत, आणि त्यात पहिलं वर्ष हप्त्याचं नाही. कागदावर मामांना ही सोय लागू होती. गटसचिवाने संमतीपत्राचे फॉर्म आणून ठेवले होते. मामांनी सही केली नाही, आणि त्यांच्या आळीतल्या कुणीच केली नाही.

मी हे अडाणीपणाचं समजत होतो, तर मामांनी मला शांतपणे हिशेब घातला. पुनर्गठन झालेल्या रकमेवर व्याजाची सवलत पहिल्या वर्षापुरती असते. पुढे बँकेचा नेहमीचा दर लागतो, दहा-बारा टक्क्यांच्या घरातला. वर्षाला पंचवीस हजारांचा हप्ता आणि व्याज. शिवाय नव्या हंगामाचं कर्ज वेगळं उचलायचं आणि तेही पुढच्या मार्चला फेडायचं. म्हणजे चार वर्षं दोन ओझी. एक चुकलं की दोन्ही थकतात. "आन् कर्जमाफी आली तर पुनर्गठनवाले तिच्यात बसतेत का न्हाई, कुणाला ठावं?" ही भीती बिनबुडाची नव्हती. प्रत्येक माफीच्या अटी आणि तारखा वेगळ्या असतात. २०१९ च्या महात्मा जोतीराव फुले योजनेत दोन लाखांपर्यंतचं थकीत कर्ज माफ झालं. त्या वेळी मामांचं खातं चालू होतं, म्हणून ते यादीत नव्हते. नियमित भरणाऱ्यांना पन्नास हजारांपर्यंतचं प्रोत्साहन जाहीर झालं आणि ते २०२२ च्या शेवटी वाटायला सुरुवात झाली. मामांना ते मिळालं, तेव्हा शेजाऱ्याच्या सुटलेल्या पावणेदोन लाखांची आठवण गावात निघालीच.

तिसरा रस्ता उरतो, त्याला तिकडे नवं-जुनं म्हणतात. मार्च संपायच्या आत जुनं कर्ज पूर्ण भरायचं, खातं कोरं करायचं आणि लगेच नवं कर्ज उचलायचं. सोसायटीच्या वहीत सगळं वेळेत. व्याज शून्य. प्रश्न एवढाच, की मधल्या दिवसांपुरती रक्कम आणायची कुठून.

२०२३ च्या डिसेंबरात मामा लातूरच्या औद्योगिक वसाहतीत एका डाळमिलमध्ये कामाला लागले. लातुरात डाळमिली पुष्कळ. तुरीचा हंगाम सुरू झाला की माणसं लागतात. रोज साडेचारशे. सकाळची एसटी, संध्याकाळची एसटी. पाच एकरांचा मालक पोती उचलायला जातो, यावर पहिले आठ दिवस पारावर चर्चा झाली. नवव्या दिवशी पारावरचे दोघं त्यांच्यासोबत एसटीत होते. मामांनी हे सांगितलं तेव्हा ते हसले, आणि तेवढ्यावर विषय संपवला. ७५ दिवस भरले. ३३,७५० रुपये झाले. विम्याचे साडेतेरा हजार मामींनी वेगळे ठेवले होते. घरखर्च भागवून मार्चच्या तिसऱ्या आठवड्यात कर्जासाठी ३४,५०० रोख होते.

भरायचे होते १,०४,५००. मुद्दल लाख, नऊ महिन्यांचं सहा टक्क्यांनी साडेचार हजार व्याज. हे व्याज आधी भरावं लागतं. सवलतीची रक्कम नंतर खात्यावर येते. सत्तर हजार कमी पडत होते. मामींनी आपल्या पाटल्या पुढे केल्या. बँकेत सोनेतारण करू, दोन महिन्यांचा तर प्रश्न आहे, असं त्या म्हणाल्या. मामा नको म्हणाले. बँकेच्या काउंटरवर गावातली चार माणसं असतात. पाटल्या काढून वजनकाट्यावर ठेवताना त्यांनी पाहिलेलं त्यांना चालणार नव्हतं. त्यापेक्षा रात्री एका ओळखीच्या माणसाकडे जाऊन सत्तर हजार आणले. शेकडा तीन. म्हणजे महिन्याला शंभरावर तीन रुपये, वर्षाला छत्तीस टक्के. २०१४ च्या सावकारी कायद्याखाली परवाना असलेल्या सावकाराला शेतकऱ्याकडून तारण घेऊन वर्षाला नऊ आणि विनातारण बारा टक्के घेता येतात. या माणसाकडे परवाना नव्हता. त्याने कोरा चेक घेतला. जमिनीचं खरेदीखत मागितलं नाही, याचं मामांना आजही बरं वाटतं, कारण शेजारच्या गावात दोन महिन्यांच्या उसनवारीसाठी करून दिलेलं खरेदीखत परत फिरवताना एका घराचे सहा वर्षं हेलपाटे चालले आहेत. कायद्यात असा व्यवहार सावकारीचा होता हे सिद्ध झालं तर जमीन परत देण्याची तरतूद आहे, जिल्हा उपनिबंधकांकडे अर्ज करून. पण सिद्ध करायचं तर कागद लागतो, आणि कागदावर तर चक्क विक्री झालेली असते.

२६ मार्चला खातं कोरं झालं. नवं कर्ज आठ दिवसांत मिळेल असं मामांनी धरलं होतं. प्रत्यक्षात मंजुरीची यादी, सातबारा, ई-करार, बोजा चढवणं आणि मध्ये लोकसभेची निवडणूक, असं करता करता २० मे उजाडला. शेकड्याच्या हिशेबात महिन्यावर चार दिवस गेले तरी पुढचा महिना पूर्ण धरतात. दोन महिन्यांचे ४,२०० रुपये झाले. एक लाखावर शून्य टक्के व्याजाचं कर्ज मामांना असं चार टक्क्यांच्या वर पडलं, आणि हा खर्च कुठल्याच सरकारी कागदावर नाही. सोसायटीच्या वहीत मामा शंभर टक्के वसुलीतले सभासद आहेत.

पण खरं नुकसान त्या ४,२०० चं नाही. २० मेला लाख रुपये हातात आले, त्यातले ७४,२०० त्याच संध्याकाळी परत गेले. उरले २५,८००. एवढ्यावर २०२४ चा हंगाम उभा करायचा होता, ज्याला काढणीपर्यंत छप्पन हजार लागतात. बुडालेलं पीक असं पुढच्या वर्षाच्या पेरणीत शिरतं. बाकीचे तीस हजार कृषी सेवा केंद्राच्या उधारीवर काढले, आणि उधारीत पिशवीचा भाव रोखीपेक्षा वेगळा असतो. काढणीला तीस हजारांचे चौतीस झाले. शिवाय दुकानदाराची ओळखीची आडत असते आणि माल तिथेच घालायचा, ही बोली असते. ती कुणी लिहून घेत नाही, मोडतही नाही.

तो हंगाम मात्र पिकला. ३८ क्विंटल झालं. पीक आलं तर भाव गेला होता. केंद्राचा हमीभाव ४,८९२ आणि लातूरच्या बाजारात ओलावा, माती, डागी दाणा यांची कपात होऊन मामांना पडला तो ४,१००. उधारी आणि मजुरी थांबत नाही म्हणून वीस क्विंटल लगेच घातलं, ८२ हजार आले. त्यातून उधारीचे चौतीस आणि काढणी-मळणीचे ३१,४०० दिले. उरलेलं अठरा क्विंटल मामींनी हट्टाने घरात ठेवलं. पत्र्याच्या खोलीत, पोत्यांखाली लाकडी पाट्या टाकून. हमीभाव केंद्रावर नोंदणी केली. बारा टक्के ओलाव्याची अट त्या नोव्हेंबरात पंधरावर नेली गेली, पण मग बारदाना संपला. नंबर यायला जानेवारी उजाडला आणि पैसे फेब्रुवारीत जमा झाले, ८८,०५६ रुपये. बाजारात घातलं असतं तर १४ हजार कमी आले असते. थांबण्याची किंमत हीच. ज्याला उधारी आणि शेकडा मागे लागलेला नाही त्यालाच ती मिळवता येते. मामांना ती अर्धीच मिळाली.

मामांच्या बांधाला बांध असलेला एक तरुण शेतकरी आहे, चार एकरांचा. त्यानेही २०२३ मध्ये ऐंशी हजार उचलले होते. त्याने मार्च २०२४ ला काहीच भरलं नाही. पुनर्गठनही घेतलं नाही. निवडणुका येत होत्या, माफी होणार असं सगळे बोलत होते, आणि विधानसभेच्या जाहीरनाम्यात ते आश्वासन आलंही. मार्च २०२५ च्या अखेरीस अर्थमंत्री अजित पवारांनी बारामतीत सांगितलं की ३१ तारखेच्या आत पीककर्जाचे पैसे भरा. तोवर त्याचं खातं थकबाकीत जाऊन वर्ष झालं होतं. व्याजाची सूट गेली, दंडव्याज लागलं, नवं कर्ज बंद झालं. दोन्ही हंगाम त्याने शेकड्यावर पेरले. मी त्याला चुकीचा म्हणायला तयार नाही. २०१९ ला न भरणाराच शहाणा ठरला होता, हे त्याने डोळ्यांनी पाहिलं आहे. मामा आणि तो दोघं एकाच हिशेबाची दोन उत्तरं काढत होते. फरक डाळमिलच्या ३३ हजारांचा आणि मामींच्या डायरीचा.

मार्च २०२५ ला मामांकडे साठ हजार होते. मुलीने बारावीनंतर नर्सिंगला प्रवेश घेतला होता, तिचे चाळीस हजार गेले होते. भरायचे होते १,०५,०००. या वेळी मामींनी विचारलं नाही. पाटल्या रुमालात बांधल्या आणि म्हणाल्या, "तुमी येतावं का मी जाऊ?" मामा गेले. काउंटरवर गावातली दोन माणसं होती. त्यांतला एक त्याच कामाला आला होता. ४५ हजार मिळाले, वर्षाला नऊ टक्के. दोन महिन्यांचं व्याज ६७५ रुपये. आदल्या वर्षी सत्तर हजारांना ४,२०० गेले होते. मामींनी डायरीत ते दोन आकडे एकाखाली एक लिहिले आहेत, बाजूला काहीही न लिहिता.

पाटल्या नसत्या तर? हा प्रश्न मी विचारला नाही, मामींनीच काढला. गावातल्या निम्म्या घरांत तारण ठेवण्याजोगं सोनं नाही. त्यांच्या बचत गटातून तीस हजारांपर्यंत मिळतात, पण मार्चमध्ये सगळ्याच बायकांना हवे असतात आणि गटाची शिल्लक सगळ्यांना पुरत नाही. जुनं भरून घ्यायचं आणि नवं द्यायचं या दोन गोष्टी एकाच दिवशी झाल्या तर शेकड्याला जागाच उरणार नाही, असं त्यांचं म्हणणं आहे. मला ते बरोबर वाटतं. कर्ज माफ करायला हजारो कोटी लागतात. मधले पन्नास-साठ दिवस कमी करायला वेळेवर काम करणारी टेबलं लागतात. पण पन्नास दिवसांच्या उशिरावर मोर्चा निघत नाही.

मे २०२५ मध्ये नवं कर्ज आलं तेव्हा सोनं सोडवून हातात ५४,३२५ उरले. काढणीपर्यंतचा खर्च जवळजवळ सगळा त्यात बसला. आदल्या वर्षीसारखी दुकानाची उधारी काढली नाही, आणि बियाणंही घरचं वापरलं. एका ओल्या गोणपाटावर शंभर दाणे मांडून उगवण पाहिली, ७६ उगवले. सत्तरच्या वर उगवले की ते बी चालतं. दर कमी असेल तर तेवढं बी जास्त टाकायचं. साडेसोळा हजारांची बचत तिथेच झाली. मळणीयंत्राचे फेरे कमी ठेवले नाहीत तर दाण्याचं साल फुटतं आणि उगवण पन्नासवर येते. आदल्या वर्षी बियाण्यापुरतं सोयाबीन मामांनी काठीने झोडपून वेगळं ठेवलं होतं.

मग सप्टेंबरात पावसाने मराठवाड्याला झोडपलं. मांजरेकाठची रानं पाण्याखाली गेली. २०२३ ला ज्या काळ्या रानांनी मंडळाची सरासरी सावरली होती ती या वेळी बुडाली, आणि मामांचं मुरमाड रान पाणी सोडून देऊन उभं राहिलं. काळ्या अडीच एकरांतलं निम्मं गेलं. तलाठी पंचनाम्याला आले. विम्यात मात्र त्याच वर्षी बदल झाला होता. एक रुपयाची योजना बंद होऊन शेतकऱ्याचा हप्ता परत सुरू झाला आणि अतिवृष्टीने एका शेताचं नुकसान झालं तर त्याची वेगळी तक्रार करायची सोयही गेली. त्या वर्षी उरला तो फक्त पीक कापणी प्रयोग. मामांनी हप्ता भरला होता.

२९ क्विंटल निघालं. चौदा क्विंटल ओलं आणि डागी होतं, ते ३,७०० ने गेलं. १५ क्विंटल चांगलं होतं. हमीभाव ५,३२८ झाला होता, पण केंद्र कधी सुरू होईल आणि पैसे कधी येतील याचा अनुभव आदल्या वर्षी घेऊन झाला होता. या वेळी मामांनी बाजार समितीची शेतमाल तारण योजना विचारून काढली. माल समितीच्या गोदामात ठेवायचा, त्या दिवसाच्या बाजारभावाने किंमत धरायची, तिच्या ७५ टक्के रक्कम कर्ज म्हणून मिळते, सहा टक्के व्याजाने, सहा महिन्यांसाठी. ही योजना १९९० पासून आहे. मामांना ती त्रेपन्नाव्या वर्षी कळली, तीही डाळमिलमधल्या एका हमालाकडून. ४,२०० च्या भावाने १५ क्विंटलचे ६३ हजार, त्याचे ७५ टक्के ४७,२५०.

गोदाम व्यापाऱ्यांच्या मालाने भरलेलं होतं. मामा तीन वेळा जाऊन आले, चौथ्या वेळी पोती टेम्पोत घालूनच नेली आणि सचिवांच्या केबिनबाहेर बसून राहिले. दुपारी जागा निघाली. मी शेवटचा भेटलो तेव्हा मामी डायरीत नवं पान आखत होत्या. वर ३१ मार्च २०२६ लिहिलं होतं. खाली डाव्या बाजूला १,०५,०००. उजव्या बाजूला तारणाचे ४७,२५०, डाळमिलचे तीस, आणि त्याखाली "कमी २७,७५०". मामा म्हणाले की अनुदान आलं तर तेवढं कमी पडणार नाही. मामींनी ते लिहून घेतलं नाही. यादीत विशिष्ट क्रमांक आल्यावर लिहू, म्हणाल्या.